टेपखालचं बटण

टेलरकाकांची खुर्ची लिफ्टवरून आत आली, चाकं पट्ट्यांनी तळाला आवळून झाली, लिफ्ट वर दुमडली, आणि मग गाडी जागची हललीच नाही.

ताईने गिअर टाकला, हळूच ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाने जोर धरल्यासारखं केलं आणि लगेच आवाज खाली बसला, जणू कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मागचं एक चाक अर्धवट फिरलं, थांबलं, परत फिरलं. गाडीने नुसतं अंग हलवलं.

"झालं," मागून टेलरकाका म्हणाले. त्यांचा आवाज उसवलेल्या शिवणीसारखा निसटत निसटत येत होता. "आजही नाही."

ताई म्हणजे या गाडीची ड्रायव्हर. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं, केंद्रावर सोडायचं, आणि मशीनवरून उतरले की परत घरी पोचवायचं, हे तिचं रोजचं काम. पेशंट तिला ताई म्हणत, मग ते वयाने तिच्या बापाएवढे का असेनात. रात्री तिची झोप झाली नव्हती. आदल्या दिवशी दोन ड्रायव्हर आजारी, म्हणून तिने दोघांच्या फेऱ्या ओढल्या होत्या. आज सकाळी उठताना ती देवाला म्हणाली होती, "आजचा दिवस तुझा, मी फक्त स्टिअरिंग धरते." आणि आता ते स्टिअरिंग हातात होतं, खाली चिखल होता.

टेलरकाकांचं घर गल्लीच्या टोकाला. पाण्याच्या पाइपसाठी गल्ली खणली होती आणि वर नुसती माती लोटून ठेवली होती. दोन दिवसांच्या पावसाने तिचा लगदा झाला होता. गेल्या खेपेला दुसरा ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशीच थांबला, "आत येत नाही" म्हणाला आणि निघून गेला. टेलरकाकांचं डायलिसिस चुकलं. तेव्हापासून त्यांचे पाय सुजून मोज्यांत मावत नव्हते, आडवं झालं की दम कोंडायचा, रात्रभर ते उशीला टेकून बसून असत. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, परत चुकवू नका, छातीत पाणी भरेल. आणि पोचायला फार उशीर झाला तर मशीन पुढच्या पेशंटला जातं. तोही बिचारा आपल्या पाण्याचं ओझं घेऊन बाकावर बसलेला असतो.

सून दारात उभी होती, पायात सासऱ्यांच्याच जुन्या चपला. ती चिखलात उतरली. "ताई, काय झालं हो?"

"रुतली."

"बाबांना उतरवून घेऊ का? हलकी होईल गाडी."

"नको. त्यांचं वजन मागच्या चाकांवर आहे, तेच कामाचं आहे. आणि लिफ्ट चिखलात टेकवली तर तीही अडकेल."

"ऐकलंस का सूनबाई," टेलरकाका आतून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कुणाच्या तरी उपयोगी पडलं." मग जरा दम घेऊन म्हणाले, "ताई, खरं सांगू? मला उतरवा. आत नेऊन बसवा. गेल्या खेपेला गाडी आली नाही, आज आली तर रुतली. वर बसलेल्याला काहीतरी सांगायचं असेल."

"बाबा!" सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते रागाने पुसले. "त्याला काही सांगायचं असेल तर मला सांगू दे. तुम्ही गप बसा."

"मी गपच बसतो गं. सुया टोचून घ्यायला जातो, गप बसतो. परत येतो, गप झोपतो. थकलोय आता."

सुनेने दोन पोती आणून मागच्या चाकांपुढे टाकली. ताईने परत प्रयत्न केला. तेच. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आपसूक मवाळ होई. तिने मोबाइल स्टँडवरून काढला. तो स्टँड डायलच्या उजव्या कोपऱ्यापुढेच चिकटवलेला होता. फेरीचा रस्ता आणि पुढच्या पेशंटचं नाव त्यावर दिसे. तिने गाड्यांच्या साहेबांना फोन लावला.

गाड्यांच्या साहेबांना ड्रायव्हर मंडळी पाठीमागे 'टेपवाले' म्हणत. कारण सगळ्या गाड्यांत, डॅशबोर्डवरच्या एका बटणावर त्यांनी काळी टेप मारून ठेवली होती आणि वर पांढऱ्या शाईने लिहिलं होतं: हात लावायचा नाही. घसरणीला लगाम घालणारी यंत्रणा बंद करायचं ते बटण. मागच्या वर्षी एका ड्रायव्हरने ते दाबून ठेवलं, चालू करायला विसरला, आणि ओल्या रस्त्यावर गाडी गोल फिरून भिंतीला जाऊन लागली. गाडीत पेशंट नव्हता, एवढीच देवाची कृपा. त्या रात्री साहेब स्वतः टेप घेऊन गाड्यांतून फिरले होते.

"बोला," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज झोप न झालेल्या माणसाचा.

"गाडी रुतलीय. टेलरकाकांच्या दारात."

"त्या गल्लीत घातलीत कशाला?"

"त्यांना उचलून कोण आणणार साहेब? तुम्ही?"

मग साहेब म्हणाले, "ओढायला गाडी पाठवतो. पण ती दुसऱ्या कामावर आहे. वेळ लागेल."

"वेळच तर नाही. मशीन जाईल यांचं. साहेब, मला ते बटण दाबू द्या."

"नाही."

"इंजिन जोरच धरत नाही. चाक जरा घसरलं की यंत्रणा त्याला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोरही काढून घेते. रस्त्यावर ठीक आहे. इथे चाकाला फिरून चिखल झाडायचाय, तर ती फिरूच देत नाही."

"दिवा कुठला दिसतोय?"

ताईने डायल बघितला. "घसरणाऱ्या गाडीचं चित्र आहे तो. ॲक्सिलरेटर दिला की लुकलुकतोय."

"लुकलुकतोय म्हणजे यंत्रणा काम करतेय. बिघाड नाही." साहेबांनी मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "ओढायची गाडी नाही, पेशंट आत, समोर चिखल. ती बंद करायची वेळ असते ती हीच. चिखल, वाळू, नाहीतर बर्फ. ते मलाही कळतं हो. मी टेप मारली ती बटण वाईट म्हणून नाही. आपण विसरतो म्हणून."

"मी नाही विसरणार."

"तोही हेच म्हणाला होता. बरं, ऐका. गाडी जागेवर उभी असताना दाबायचं. नुसतं टिचकी मारल्यासारखं नाही, दाबून धरायचं. डायलवर उजव्या कोपऱ्यात दुसरा पिवळा दिवा लागेल, तेच चित्र आणि खाली ओएफएफ अशी अक्षरं. तो लागून स्थिर राहिला की समजायचं, बंद झाली. तो दिसल्याशिवाय हात काढू नका. आणि बाहेर पडलात, डांबरावर आलात, की लगेच परत दाबायचं. दिवा विझलेला डोळ्यांनी बघायचा."

"आणि विसरलेच तर?"

"गाडी बंद करून परत चालू केली की ती आपोआप चालू होते. पुढच्या पेशंटच्या दारात गाडी बंद कराल तेव्हा होईलच. पण त्याच्यावर विसंबू नका. मला फोन करा, दिवा विझला म्हणून."

ताईने नखाने टेप उचकटली. टेपखाली बटण कोरं करकरीत होतं. तिने पहिल्यांदा दाबलं ते घाईत, बोट टेकवून लगेच उचललं. कोपऱ्यातला दिवा लागला नाही. दुसऱ्यांदा बोट दाबून धरलं, आणि हळूच एक टुंग वाजलं, उजव्या कोपऱ्यात पिवळी छोटी गाडी आपल्या वळवळत्या दोन रेषा घेऊन उगवली. खाली तीन अक्षरं. लुकलुकली नाही. स्थिर.

"काका, घट्ट धरा."

"धरून धरून काय धरायचं," टेलरकाका म्हणाले.

पुढे, क्लच, मागे, क्लच. गाडी झुलायला लागली. आता इंजिन ऐकत होतं. चाक गरगरलं, चिखलाचे गोळे सुनेच्या साडीवर, भिंतीवर, दाराच्या कडीवर उडाले. ताईने फार जोर दिला नाही. जास्त फिरवलं तर चाक आपलाच खड्डा खणत जातं. झोका पुढे आला तसा तिने तेवढाच जोर ठेवला. मागचं चाक पोत्यावर चढलं, पोतं मागे फेकलं गेलं, आणि गाडी खड्ड्यातून अशी निघाली की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

सून चिखलाने माखलेली, दोन्ही हात जोडून उभी. टेलरकाकांनी खिडकीतून तिला बघितलं. "आंघोळ कर जा," ते म्हणाले. पण आवाज मऊ झाला होता.

गल्लीच्या तोंडाशी डांबर लागलं. इथेच ते बटण दाबायचं. ताईच्या मनात होतंही. पण त्याच क्षणी मोबाइल वाजला. पुढच्या पेशंट, पोस्टातल्या बाई, ओरडत होत्या. "मी दारात खुर्चीवर बसून आहे! गाडी आहे का आकाशवाणी?" ताईने "आले, आले" म्हणत मोबाइल स्टँडवर ठोकला आणि गाडी हाकली. डायलचा उजवा कोपरा मोबाइलमागे गेला. मागे पिवळा दिवा आपला शांतपणे जळत राहिला, जसा देवघरातला दिवा आपण बाहेर गेलो तरी जळत राहतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

पोस्टातल्या बाई मधुमेहाने एक पाय गेल्यापासून खुर्चीवर होत्या. जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेला, त्यामुळे समोरचा माणूस त्यांना नेहमी चुकीच्या रांगेत उभा असल्यासारखा वाटे.

"काय मास्टर," त्या लिफ्टवर चढता चढता टेलरकाकांना म्हणाल्या, "गेल्या खेपेला दांडी मारलीत?"

"मारली नाही. मारली गेली."

"रंग बघा तोंडाचा. अस्तराच्या कापडासारखा झालाय."

"तुम्हाला कापडातलं कधीपासून कळायला लागलं?"

लिफ्ट वर येत होती, गुरगुरत. आणि इंजिन चालूच होतं. या गाड्यांवर ते बंद करतच नाहीत. लिफ्ट बॅटरीवर चालते. इंजिन बंद ठेवून दोन पेशंट चढवले की बॅटरी बसते आणि मग गाडी दारातच उभी राहते. म्हणून हँडब्रेक ओढायचा, इंजिन तसंच ठेवायचं, लिफ्ट चालवायची. साहेब फोनवर "गाडी बंद कराल तेव्हा होईलच" म्हणाले, तेव्हा ते ऑफिसातल्या खुर्चीत होते. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ताईच्याही आलं नाही. दर दिवशी करतो ते काम माणसाला दिसतच नाही.

पट्ट्या आवळल्या, दार लावलं, निघाली. मोबाइलवर साहेबांचा फोन आला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हाही साहेबांचाच नियम. तिने बोट फिरवून तो बंद केला. उतरणीवर वेळ भरून काढता येईल, असं मनात म्हणाली.

केंद्राकडे जाणारा रस्ता टेकडीवरून खाली उतरतो आणि कुंपणाच्या भिंतीला लागून डावीकडे वळतो. रस्ता ओला होता. टायरच्या खाचांत अजून गल्लीतला चिखल होता. ताईने वळणावर वेग कमी केला होता, पण पुरेसा नाही. आणि वळणाच्या मधोमध एक सायकलवाला भिंतीच्या बाजूने अचानक समोर आला. तिने ब्रेक दाबला.

गाडीचं तोंड वळलं, पण शेपूट वळलं नाही. ते सरळ बाहेरच्या बाजूला निघालं, सावकाश, जड, जसं भरलेलं टोपलं हातातून निसटतं. ब्रेक पायाखाली थरथरत होता, चाकं जाम झाली नव्हती. चाकं जाम न होऊ देण्याचं काम वेगळं, ते चालूच होतं. पण एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून शेपूट परत ओळीत आणणारं, ते आज रजेवर होतं. ताईने ब्रेकवरचा पाय सैल केला, ज्या बाजूला शेपूट गेलं त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवलं आणि तोंडातून "देवा" एवढंच निघालं. मागे खुर्च्यांच्या पट्ट्या करकरल्या. पोस्टातल्या बाईंनी किंकाळी फोडली. गाडी एकदा उलट्या अंगाला झुकली, मग सरळ झाली आणि रस्त्याच्या कडेला, गटाराच्या कठड्याला चाक घासून थांबली.

सायकलवाला मागे वळून बघत बघत निघून गेला.

पावसाचं पाणी टपावरून टपटपत होतं. मग ताईने वळून विचारलं, "लागलं का कुणाला?"

"मला नाही," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "पण तुमचं लायसन्स मला बघायचंय."

टेलरकाकांनी दोन्ही हातांनी खिडकीजवळची दांडी धरली होती, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. सुजलेली बोटं, सुईने पोखरलेला हात, आणि त्या हाताने ती दांडी.

"काका, सोडा आता."

"सुटत नाही," ते म्हणाले. मग बोटांकडे बघत, नवल वाटल्यासारखे म्हणाले, "यांना कुणी सांगितलं होतं धरायला? मी तर काही सांगितलं नव्हतं."

ताईने मोबाइल स्टँडवरून काढला. कोपऱ्यातला पिवळा दिवा. स्थिर. तीन अक्षरं. गल्लीच्या तोंडापासून तो इथपर्यंत तिच्या नाकासमोर जळत होता. सून हात जोडून उभी होती ती आठवली, आणि तिला रडायला आलं, पण रडायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता.

तिने बटण दाबलं. दिवा विझला. तरी तिने तिथे बघतच बसून खात्री केली, मग इंजिन बंद केलं आणि परत सुरू केलं. सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक करत गेले. कोपऱ्यातलाही गेला, परत लागला नाही.

"माझी चूक झाली," ती मागे न बघता म्हणाली. "चिखलातून काढायला एक यंत्रणा बंद केली होती. चालू करायची राहिली. म्हणून शेपूट फेकलं गेलं."

पोस्टातल्या बाई काही तिखट बोलणार होत्या. मग त्यांनी टेलरकाकांच्या हातांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. जराशाने म्हणाल्या, "चला आता. मशीन थांबत नाही कुणासाठी."

तिने मोबाइल स्टँडवर लावला नाही, शेजारच्या सीटवर टाकला. उरलेली उतरण ती इतकी सावकाश उतरली की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले.

केंद्राच्या दारात पोचल्यावर मदतनीस खुर्च्या उतरवायला आले. ताई बाजूला जाऊन साहेबांशी फोनवर बोलली. वळण, सायकलवाला, कठडा, दिवा, सगळं सांगितलं. मोबाइल कोपऱ्याच्या आड होता, तेही. लिफ्टसाठी इंजिन चालूच ठेवतो, तेही.

"हो की," साहेब म्हणाले. "इंजिन बंद करतच नाही आपण." मग म्हणाले, "पेशंट?"

"दोघेही ठीक. काका आत गेले."

"मशीन मिळालं?"

"बघते."

"बघा आणि सांगा. मग गाडी तिथेच ठेवा, आज दुसरा ड्रायव्हर येईल न्यायला. तुम्ही घरी जा. उद्या ऑफिसात या. काय लिहायचं ते उद्या लिहू. आणि ते मोबाइलचे स्टँड, सगळ्या गाड्यांतले, मी दुसरीकडे हलवतो." शेवटी म्हणाले, "टेप नाही मारणार आता. टेपने काही होत नाही."

आत मशीनची खोली थंड. रांगेने पलंग, रांगेने मशीन, हलकी गुणगुण, लांबून कुणीतरी एकच सूर धरून बसल्यासारखी. उशीर झाला होता. नर्सने सांगितलं की पूर्ण वेळ नाही मिळणार, पण पुढचे पेशंट जरा थांबायला तयार झाले आहेत, जेवढं पाणी निघेल तेवढं काढू आणि उरलेल्यासाठी उद्या परत बोलावू.

टेलरकाका पलंगावर टेकून बसले होते. नर्स सुई घेऊन आली.

"काका, हात."

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "जरा जपून. मागचं टोचलेलं अजून निळं आहे. धागा ओवायला सुई अशी घालतात का?"

"मग कशी घालायची?"

"तिरकी. आणि बोलत बसायचं नाही."

दारात उभ्या ताईला त्यांनी बघितलं. "उद्या पण यायचंय म्हणे," ते म्हणाले. "गल्लीत घालू नका गाडी. सून मला खुर्चीतून तोंडाशी आणेल. तिला सांगतो फळ्या टाकून ठेव म्हणून."

ताईने मान हलवली. सुई आत गेली, नळीत लाल रेघ चढली, मशीनने आपली गुणगुण उचलली. टेलरकाकांनी डोळे मिटले. ती भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, सुनेला "मशीनवर लागले" एवढंच लिहून पाठवलं आणि बसल्या बसल्याच तिची मान खांद्यावर कलली.